एकगठ्ठा

आमच्या गावच्या बस्तीशेजारी एक सभागृह आहे. लग्न, पंचकल्याणकाची तयारी, पर्युषणातलं प्रवचन, सगळं तिथंच होतं. २०२३ च्या विधानसभेच्या आधी तिथं 'समाजाची बैठक' बोलावली होती. पुरुष पुढं सतरंजीवर बसले, आम्ही बायका मागं भिंतीला टेकून. उमेदवार आला, त्याला फेटा बांधला, नारळ दिला. मग आमच्यातले एक वयस्कर अण्णा उठले आणि म्हणाले, "समाजाची सगळी मतं तुम्हाला. शब्द दिला." टाळ्या पडल्या. मी माझ्या शेजारी बसलेल्या आक्कांना विचारलं, "तुमचं मत दिलं का तुम्ही?" त्या म्हणाल्या, "मला कुठं विचारलं? चहा आला का बघ."

त्या दिवसापासून 'समाजाचं मत' हा शब्द माझ्या डोक्यात खुपून बसला आहे. ह्या शब्दाशी माझं भांडण आहे, आणि ते मी इथं उघड करते. माझं म्हणणं एवढंच की, जैनांचं एकगठ्ठा मत अशी काही वस्तू निदान आमच्या भागात नाही. ती बाजारात मांडलेली आहे, आणि मांडणाऱ्यांचा त्यात फायदा आहे.

बाहेरच्या लोकांना 'जैन' म्हटलं की एकच चित्र दिसतं. मुंबई-अहमदाबादचा सराफ, कापडाचा व्यापारी, पेढीवर बसलेला शेठ. पण चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग ह्या पट्ट्यातला दिगंबर जैन हा शेतकरी आहे. चतुर्थ, पंचम ह्या जातींचा. तो ऊस लावतो, तंबाखू लावतो, म्हशी पाळतो, कर्ज काढतो. घरात मराठी बोलतो, बाजारात कन्नड, आणि दोन्हींची खिचडी करून भांडतो. इथला सराफ जैन आणि इथला ऊसवाला जैन एकाच देवासमोर हात जोडतात. पण एकाचं पोट सोन्याच्या भावावर आणि दुसऱ्याचं कारखान्याच्या बिलावर चालतं. मग निवडणुकीत दोघांनी एकच बटण दाबावं, हा आग्रह कुठल्या शास्त्रात सांगितला आहे?

आता कोणी म्हणेल, आकडे तर सांगतात की जैन एकाच बाजूला झुकतात. सांगतात ना. अमेरिकेतल्या प्यू संस्थेनं २०२१ साली भारतातल्या धर्मांवर मोठा अहवाल काढला. जवळजवळ तीस हजार लोकांशी बोलले होते. त्यात दहापैकी सात जैन भाजपला जवळचं मानतात असं आलं. आमच्याकडच्या मोबाईलवर तो आकडा फार फिरला. फिरवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र फिरवली नाही, ती म्हणजे त्या तीस हजारांत जैन होते १०९. देशभरचे मिळून एकशे नऊ. त्यात आमच्या चिकोडीकडचा एखादा ऊसवाला असेल की नाही हे अहवालावरून कळायला मार्ग नाही. ह्यात संस्थेची चूक नाही. देशात जैनच अर्ध्या टक्क्याहून कमी आहेत, २०११ च्या जनगणनेत जेमतेम साडेचव्वेचाळीस लाख. तीस हजारांच्या नमुन्यात शंभर-सव्वाशेच येणार. पण शंभर माणसांवरून 'सगळे जैन असे' म्हणणं म्हणजे भाताच्या एका शितावरून पंगतीतल्या पोळ्या ओळखण्यासारखं आहे. झुकाव असेल, शहरात तर मोठाच असेल, मी नाकारत नाही. पण झुकाव वेगळा आणि गठ्ठा वेगळा.

जवळचंच एक उदाहरण घेऊ. आमच्या गावापासून नदी ओलांडली की महाराष्ट्र. शिरोळ, इचलकरंजी, हातकणंगले. माझ्या दोन बहिणी तिकडं दिल्या आहेत. भाऊबिजेला गेलं की फराळाआधी राजकारण. तिथला हातकणंगले हा लोकसभेचा मतदारसंघ. २०१४ साली तिथं राजू शेट्टी उभे होते आणि त्यांच्या विरोधात काँग्रेसकडून कल्लाप्पाण्णा आवाडे. दोघेही दिगंबर जैन. आता सांगा, समाजाच्या बैठकीत कोणाला नारळ द्यायचा? दोघांनाही देता येत नाही, आणि धर्मावरून निवडताही येत नाही. त्या वर्षी शेट्टी पावणेदोन लाखांहून जास्त फरकानं निवडून आले.

का आले, हे माझ्या मेहुण्यांनी मला फराळाच्या ताटावर समजावून सांगितलं होतं, आणि त्यात धर्माचा एक शब्द नव्हता. कायद्यानं उसाचं बिल गाळपाला ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत द्यायचं असतं, नाही दिलं तर पंधरा टक्के व्याज. कागदावर. प्रत्यक्षात शेतकऱ्यानं ऊस दिवाळीला घालायचा आणि पहिल्या हप्त्याची वाट गुढीपाडव्यापर्यंत पाहायची. पहिली उचल किती ह्यावर दरवर्षी रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे पडायचे, टायरमधली हवा सोडली जायची. शेट्टींची संघटना त्या रस्त्यावर होती. समोरचे आवाडे सहकाराच्या बाजूचे, कारखाना आणि सूतगिरणीच्या परंपरेतले. म्हणजे दोन जैन उभे होते, पण मतदाराच्या डोळ्यासमोर एक ऊस घालणारा होता आणि एक ऊस घेणारा. भांडण तिथं होतं. माझे मेहुणे हसत म्हणाले, "वैनी, देव एकच आहे, पण काटा कोणाचा ते बघायला लागतंय." काटा म्हणजे उसाचा वजनकाटा. तो मारला की टनाला किती जातं हे त्यांना तोंडपाठ.

आता पुढचं बघा. २०१४ ला शेट्टी भाजप-सेनेच्या महायुतीसोबत होते. २०१९ ला ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीकडून उभे राहिले आणि धैर्यशील माने यांच्याकडून सुमारे ९६ हजार मतांनी पडले. २०२४ ला स्वतंत्र उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. माणूस तोच, धर्म तोच, ऊस तोच. बदललं काय? सोबत कोण हे बदललं, देशाच्या निवडणुकीतली हवा बदलली. आणि हो, तिकडच्या बोलण्यात जात आली, अगदी मोकळेपणी. माझ्या बहिणीच्या शेजारणीनं तिला २०१९ ला सरळ विचारलं होतं, "तुमचं तर ठरलेलंच असंल ना?" बहीण म्हणाली, "आमच्या घरात तीन मतं, तीन तऱ्हा." शेजारणीला ते खोटं वाटलं. जैन असून ठरलेलं नाही? हा संशय ज्या दिवशी शेजारणीच्या मनात शिरतो, त्या दिवशी गठ्ठा नसला तरी तयार व्हायला लागतो. आपल्याविरुद्ध सगळे एक झालेत असं वाटलं की आपणही एक होतो. समाजाची बैठक बोलावणाऱ्या अण्णांना हे कळत नाही असं नाही. त्यांना ते नेमकं कळतं.

आता आमच्या निपाणीकडं येते. २०२३ ची विधानसभा. भाजपकडून शशिकला जोल्ले, राष्ट्रवादीकडून बोरगावचे उत्तम पाटील, काँग्रेसकडून काकासाहेब पाटील. जोल्ले सुमारे सात हजार मतांनी निवडून आल्या, उत्तम पाटलांना सहासष्ट हजारांच्या आसपास मतं मिळाली, काँग्रेस तिसरी. उत्तम पाटील जैन आहेत, त्यांच्या घराण्याची सहकारी संस्था मोठी आहे. निकालानंतर ओट्यावर एकच वाक्य: "जैन मतं राष्ट्रवादीला गेली." मी म्हटलं, जरा बेरीज करा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कर्नाटकात, तान्ही बाळं धरून, सुमारे चार लाख चाळीस हजार जैन. ते बेळगाव, धारवाड, मंगळूर, म्हैसूर, सगळीकडं विखुरलेले. एका तालुक्याएवढ्या मतदारसंघात सहासष्ट हजार मतं जैनांनी एकट्यानं टाकणं हे गणितात बसत नाही. म्हणजे ती मतं मराठ्यांनी, लिंगायतांनी, मुसलमानांनी, दलितांनी, धनगरांनीही दिली असणार. कोणी पवारांच्या पक्षावरच्या जिव्हाळ्यानं, कोणी सोसायटीतून कर्ज मिळालं म्हणून, कोणी मराठी पक्ष म्हणून, कोणी सत्तेतल्यांवरचा राग म्हणून. सीमाभागात हे शेवटचं कारण वेगळं काढून बघायला लागतं. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून इथं एक पिढी महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देऊन म्हातारी झाली. ती समिती २०१८ ला आणि २०२३ ला विधानसभेत एकही जागा जिंकू शकली नाही. भाषा संपली का? नाही. पण भाषेचं मत आता कधी ह्या पक्षात, कधी त्या पक्षात मुरतं, लोणच्यातल्या मिठासारखं. वेगळं दिसत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिथं येते. गठ्ठा आहे की नाही हे मोजायचं कसं? आमचे अण्णा म्हणतात, "बूथ बघ की." बघूया.

मतदान संपलं की प्रत्येक केंद्रावर किती मतं पडली त्याचा हिशेब, नमुना १७ सी, पक्षांच्या एजंटांना मिळतो. मोजणी झाली की केंद्रवार कोणाला किती मिळाली ह्याचा तक्ता निघतो, नमुना २०. तो कोणालाही बघता येतो. एका केंद्रात साधारण हजारभर नावं असतात, म्हणजे दोन-तीन गल्ल्या. मग गावचे जाणते लोक मतदारयादी घेऊन बसतात आणि नावांवरून जात मोजतात. इथं पहिली गंमत. आमच्याकडं पाटील आडनाव जैनात आहे, लिंगायतात आहे, मराठ्यात आहे. आडनावावरून कळत नाही म्हणून बापाचं नाव बघतात. नेमगोंडा असला तर आमचा, पण आदगोंडा, भीमगोंडा असला तर विचार करायला लागतो, कारण गोंडा आणि गौडा लिहिणाऱ्याच्या हातात असतं. बायकांच्या नावांवरून तर काहीच कळत नाही. पद्मावती आमच्यातही, त्यांच्यातही.

तरी समजा मोजणी बरोबर झाली. एका केंद्रावर ८०० मतं पडली. त्यात जैन ३५०, बाकीचे ४५०. उमेदवाराला मिळाली ४८०. अण्णा म्हणणार, "बघ, आमची साडेतीनशे पक्की आणि वरची एकशे तीस इतरांची." मी म्हणते, उलटं धरून बघा. बाकीच्या साडेचारशेंनी सगळ्यांनी त्यालाच दिलं असेल, तर जैनांची फक्त तीस मतं त्याला पडली. त्याच कागदावरून जैन मतं तीसही निघतात आणि साडेतीनशेही. मधला कुठलाही आकडा खरा असू शकतो. कागद ते सांगतच नाही. अण्णा जे सांगतात ते कागदाचं नाही, अण्णांचं आहे.

आता दुसरं केंद्र घ्या, बस्तीच्या मागच्या गल्ल्यांचं, जिथं जवळजवळ आपलीच घरं. ८०० मतांत ७०० जैन. उमेदवाराला तीच ४८०. इथं कागद बोलतो. बाकीचे शंभर सगळे त्याला गेले धरले तर जैनांची ३८०, एकही गेला नाही धरलं तर ४८०. म्हणजे सातशेपैकी निदान दोनशेवीस जैनांनी त्याला मत दिलेलं नाही, हे ठाम. गठ्ठा असेल तर जिथं नीट मोजता येतो तिथंच तो सुटलेला दिसेल. मिसळलेल्या केंद्रावर गठ्ठ्याची गोष्ट सांगता येते, कारण तिथं ती कोणी खोटी ठरवू शकत नाही. म्हणूनच आमचे पुढारी मिसळलेल्या गल्ल्यांचेच दाखले देतात. कोणी तुमच्यासमोर असा दाखला दिला, तर त्या केंद्रावर आपल्यातले किती आणि इतर किती एवढं विचारा. इतर जास्त असले तर त्याचं बोलणं तिथंच संपतं.

पण ह्या दुसऱ्या केंद्रातच एक भीती आहे. जिथं एकाच समाजाची वस्ती, तिथं मत गुप्त राहतं ते माणसाचं, गल्लीचं नाही. निवडून आलेल्याला कळतं की ह्या गल्लीनं आपल्याला किती दिलं. मग पुढची पाच वर्षं पाण्याची पाइपलाइन त्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि वळते. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या मागच्या गल्लीनं दोन उन्हाळे घागरी वाहिल्या आहेत. आणि जे बस्तीमागच्या गल्लीचं, तेच दलित वस्तीचं, तेच मुसलमान मोहल्ल्याचं, त्यांचं तर दहापट. गल्लीला शिक्षा होते म्हणून गल्लीतली माणसं घाबरतात, आणि घाबरलेल्या माणसांचा गठ्ठा बांधणं सोपं. अण्णांचा 'शब्द' तिथून येतो. ते उमेदवाराकडं आमची मतं घेऊन जात नाहीत, आमची भीती घेऊन जातात.

ह्याला उपाय आहे आणि तो कोणी काल शोधलेला नाही. कागदाच्या मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी अनेक केंद्रांच्या पेट्या एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती. यंत्रं आली आणि मिसळणं गेलं. मग टोटलायझर नावाची जोडणी सुचवली गेली. एकाच वेळी चौदा यंत्रांची बेरीज काढायची, एकेकट्या केंद्राचा आकडा बाहेर येऊ द्यायचा नाही. निवडणूक आयोगाची स्वतःची ती मागणी होती. विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात तिला दुजोरा दिला. केंद्र सरकारनं ती मान्य केली नाही. कारण उघड आहे: केंद्रवार आकडे पक्षांना हवे असतात, पुढच्या वेळी कुठं पैसा टाकायचा, कुठं सभा घ्यायची ते त्यावर ठरतं. केंद्रवार आकडे गेले तर घोटाळा पकडणं अवघड होईल असंही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तेव्हा आकडे न्यायालयासाठी मोहोरबंद ठेवा, गावच्या ओट्यासाठी नको. मला त्या ओट्यावरचा हिशेब बंद झालेला हवा आहे.

अहिंसा, अपरिग्रह, अनेकान्त हे आम्ही पर्युषणात दहा दिवस ऐकतो. अनेकान्त म्हणजे एका गोष्टीला अनेक बाजू, एकानं पाहिलेलं तेवढंच सत्य नव्हे. आणि त्याच सभागृहात, त्याच सतरंजीवर आम्हाला सांगतात की समाजाची बाजू एकच. आणखी एक. २०१४ साली केंद्रानं जैनांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला तेव्हा आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला रांगा लावल्या. शाळेत आम्ही अल्पसंख्याक, आणि प्रचारात तेच पुढारी म्हणतात, "आपण वेगळे कुठं? आपण बहुसंख्यच." दोन्ही म्हणता येईल, पण मग दोन्हींचा हिशेब मागू द्या की. अल्पसंख्याकाच्या योजनेत आमच्या शेतकरी मुलींना वसतिगृह किती मिळालं, हे त्या बैठकीत कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्या मागं बसल्या होत्या.

आता सासूबाईंचं सांगते. १९८१ साली निपाणीला तंबाखूचं आंदोलन झालं. शरद जोशी आले होते. महामार्गावर शेतकरी आठवडे ठाण मांडून बसले, शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसं मेली. सासूबाई भाकरी बांधून त्या रस्त्यावर बसल्या होत्या. डोक्यावर पदर, शेजारी मराठा बायका, लिंगायत बायका, मागासवर्गातल्या विडी वळणाऱ्या बायका. घरात सासरे प्रत्येक निवडणुकीत जाहीर करायचे, "आपल्या घरची पाच मतं अमक्याला." सासूबाई मान हलवायच्या. सासरे गेल्यावर दोन-तीन वर्षांनी, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा, त्या सहज म्हणाल्या, "मी त्यांच्या माणसाला कधीच दिलं नाही."

"कधीच नाही, आत्या?"

"एकदा पण नाही. त्या रस्त्यावर जो आला होता त्याच्याकडं बघून द्यायची. कोण जातीचा ते मला ठाऊकच नव्हतं. नंतर तंबाखूचा दर ज्यानं विचारला त्याला. मग ज्यानं विहिरीवर वीज आणली त्याला."

"आणि मामंजींना कळलं असतं तर?"

त्यांनी शेंगेचं टरफल फुंकून टाकलं. "कसं कळेल? आत एकटीच जाते की मी."

त्या अण्णांना मी हे परवा सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या सासूचं एक मत गेलं तर काय मोठं?" मी म्हटलं, तुमच्या घरचं विचारलंय का कधी? त्यांच्या घरातून वैनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेल्या.